उजवा इंडिकेटर आणि आबांची वाशीची खेप

*ताई, मी शिरवळचा. मला नुकतीच 18 वर्षं पूर्ण झाली आणि पुढच्या आठवड्यात लर्निंग लायसन्सची परीक्षा आहे. माझे आबा 35 वर्षं ट्रकवर होते. कराडहून गूळ नि हळद भरून वाशीला न्यायचे. रोज रात्री जेवणं झाली की ते मला त्यांची एकेक खेप सांगतात आणि म्हणतात, "हेच नियम, पुस्तक कशाला पायजे?" पण मोबाइलवर सराव परीक्षा दिली तर 15 पैकी 7 च बरोबर आले. घाटातलं आबांनी सांगितलेलं बरोबर निघालं. पण पुढच्या गाडीनं उजवा इंडिकेटर दिला की ओव्हरटेक करायचा, अपघात झाला की न थांबता सरळ पोलीस ठाणं गाठायचं, ही उत्तरं चुकली. आता मी आबांचं ऐकू की पुस्तक पाठ करू? तुमचं चुकतंय असं त्यांना सांगायला जीव होत नाही.*

आबांचं ऐकणं सोडू नकोस आणि पुस्तकही मिटू नकोस. मात्र आबांच्या बोलण्यात दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी वेगळ्या करून घे. एक आहे रस्त्याचा कायदा आणि दुसरी आहे ट्रकवाल्यांची आपसातली बोली. ही बोली खोटी नाही. रात्री दोन वाजता उंब्रजच्या पुढे एकामागोमाग चाललेल्या दोन ट्रकना ती बरोबर कळते, कारण दोघंही ती बोलतात. पण त्यांच्या मागे पुण्याची एखादी कार असते, कालच गाडी शिकलेली एखादी मुलगी असते, उसाच्या फडातून निघालेला ट्रॅक्टर असतो. त्यांना ती बोली कुणी शिकवलेली नसते. एकमेकांना न ओळखणाऱ्या या सगळ्यांना एकाच रस्त्यावरून जायचं असतं, म्हणून कायदा लिहिलेला आहे. परीक्षेत तुला विचारतात ती कायद्याची भाषा.

मी साताऱ्यात 22 वर्षं गाडी शिकवली. ड्रायव्हरच्या घरातली मुलं माझ्याकडे बरीच आली. त्यांचा हात लवकर बसायचा, आणि लेखी परीक्षेत नेमकी तीच अडखळायची. म्हणून तुझ्या पत्रातल्या गोष्टी एकेक करून घेते. कराडपासून निघू आणि आबांच्या वाटेनंच जाऊ.

पहिला तो उजवा इंडिकेटर. आबा ट्रकवर चढले तेव्हा कराड-सातारा रस्ता दुपदरी होता. एक लेन जायला, एक यायला. पुढचा ट्रक उसाच्या ट्रॉलीएवढा रुंद, मागच्याला समोरचं काही दिसत नाही. समोरून कोण येतंय हे फक्त पुढच्याला माहीत. म्हणून पुढचा ड्रायव्हर मागच्याला सांगायचा, "मोकळं आहे, ये." दिवसा हे हातानं सांगायचे. उजवा हात खिडकीबाहेर काढून मागून पुढे अर्धवर्तुळात फिरवायचा. हा इशारा 1989 च्या रस्ता नियमावलीत लिहिलेलाच होता, त्यामुळे आबांनी तो कुठून तरी उचलला असं समजू नकोस. रात्री मात्र हात दिसत नाही. मला वाटतं, म्हणूनच ते काम हळूहळू इंडिकेटरकडे गेलं. उजवा लुकलुकला की "उजवीकडून ये".

अडचण अशी की त्याच दिव्याचा कायद्यातला अर्थ "मी उजवीकडे वळतोय" असा आहे. दिवा एक, अर्थ दोन, आणि दोन्हींत गाडी उजव्या बाजूलाच असणार. काही ड्रायव्हर तर याच्या उलट करतात, पुढे बोलवायला डावा इंडिकेटर देतात आणि उजव्याचा अर्थ "येऊ नको" असा धरतात. म्हणजे ट्रकवाल्यांच्यातही ही बोली सगळीकडे एक नाही.

माझ्यावरच बेतलेला एक प्रसंग सांगते. रहिमतपूरच्या रस्त्याला, संध्याकाळची वेळ, माझ्या शेजारी शिकणारा मुलगा बसलेला, स्टिअरिंग माझ्या हातात. पुढे एक भरलेला ट्रक. त्यानं उजवा इंडिकेटर दिला. मी वर्षानुवर्षं याच रस्त्यांवर फिरलेली, मला वाटलं साइड दिली. गाडी उजवीकडे काढली, आणि त्याच क्षणी ट्रकचं तोंड उजवीकडे वळायला लागलं. तिथे वीटभट्टीकडे जाणारी कच्ची वाट होती. मी ब्रेक दाबून परत मागे आले, अंतर हातभर उरलं होतं. त्या ड्रायव्हरनं काहीच चुकीचं केलं नव्हतं. वळायचं म्हणून इंडिकेटर दिला आणि वळला. चूक माझी होती, मी कायद्याचा दिवा बोलीत वाचला. त्यानंतर मी शिकवताना हा प्रसंग प्रत्येक तुकडीला सांगत आले.

आता परीक्षेपुरतं नीट लक्षात घे. ओव्हरटेक उजव्या बाजूनं करायचा, हा नियम. त्याला एक अपवाद आहे आणि प्रश्न बहुतेक त्यावरच येतो. पुढच्या वाहनानं उजवीकडे वळण्याचा इशारा दिला असेल आणि ते रस्त्याच्या मध्याकडे सरकलं असेल, तर त्याच्या डावीकडून पुढे जाता येतं. यात "आणि" हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसता दिवा पुरेसा नाही, गाडी मध्याकडे आलेलीही दिसली पाहिजे. म्हणजे "उजवा इंडिकेटर दिलेल्या गाडीला कोणत्या बाजूनं ओलांडाल?" या प्रश्नाचं उत्तर डावीकडून, आणि आबांच्या बोलीत नेमकं उलट. तुझा गुण इथेच गेला.

आबांना हे सांगताना "तुमचं चुकतंय" असं म्हणायची गरजच नाही. त्यांना विचार, "आबा, पुढचा खरंच वळणार आहे की साइड देतोय, हे तुम्ही कसं ओळखायचा?" मला खात्री आहे, ते दिव्याबद्दल बोलणार नाहीत. ते सांगतील, गाडीचा वेग उतरला का बघायचं, मागचा ब्रेकचा दिवा लागला का बघायचं, पुढे उजव्या हाताला वाट फुटते का, ढाबा किंवा पेट्रोल पंप आहे का बघायचं, गाडी पांढऱ्या पट्ट्याकडे झुकली का बघायचं. म्हणजे "मध्याकडे सरकलं असेल तर" हे कायद्यातलं वाक्य आबा आयुष्यभर डोळ्यांनी वाचत आलेत. दिव्याचा अर्थ पुस्तकातून घे. गाडीचं अंग वाचायला मात्र आबांकडूनच शीक, ते कुठल्याच पुस्तकात सापडायचं नाही.

आणि ते हाताचे इशारे. सराव परीक्षेत हातांची चित्रं येतात आणि आजच्या मुलांना ती सगळी सारखीच दिसतात, कारण कुणी हात दाखवताना त्यांनी पाहिलेलाच नसतो. आबांना खिडकीशी खुर्चीवर बसव, उजवा हात खिडकीबाहेर काढायला सांग आणि तू अंगणात मागच्या गाडीच्या जागी उभा राहा. तळवा जमिनीकडे ठेवून हात वर-खाली हलवला, तर वेग कमी करतोय. कोपरातून हात उभा वर धरला, तर थांबतोय. हात सरळ आडवा, तळवा पुढे, तर उजवीकडे वळतोय. आणि आडवा धरलेला हात घड्याळाच्या उलट दिशेनं गोल फिरवला, तर डावीकडे. डाव्या वळणालाही उजवाच हात का, हा प्रश्न मुलं हमखास विचारतात. ड्रायव्हर उजव्या खिडकीशी बसतो, बाहेर काढायला त्याच्याकडे तोच हात असतो. एकदा आबांच्या हातावर पाहिलंस की चित्र विसरणार नाहीस.

आता खंबाटकी. हे तुझ्या घरापासून हाकेवर आहे, पण तू पाहतोस तो घाट वेगळा. बोगदा झाल्यावर साताऱ्याकडून पुण्याला येणारी वाहनं बोगद्यातून यायला लागली आणि पुण्याकडून जाणारी घाट चढून जायला लागली, घाटात समोरासमोर कुणी येईनासं झालं. बोगदा व्हायच्या आधी याच घाटात चढणारा आणि उतरणारा ट्रक एकाच वळणावर भेटायचे. आबांचं घाटातलं ज्ञान तिथलं आहे आणि म्हणूनच पक्कं आहे.

अरुंद चढ-उतारावर दोन गाड्या मोकळेपणानं जाऊ शकत नसतील, तर उतरणाऱ्यानं बाजूला थांबून चढणाऱ्याला वाट द्यायची. आबांनी तुला हे कसं सांगितलं असेल याचा अंदाज करते: "चढतीची गाडी थांबली की मेली." पाठ करायला हे एक वाक्य पुरे, पण कारण समजून घे, म्हणजे प्रश्न कसाही फिरवून आला तरी गोंधळणार नाहीस. 9-10 टन माल भरलेला ट्रक चढावर थांबला, तर पुन्हा निघताना ब्रेक सोडून क्लच धरेपर्यंतच्या क्षणात तो मागे घसरतो. मागे दुसरी गाडी चिकटून उभी असली तर संपलंच. शिवाय अर्धा क्लच धरून एवढं वजन ओढताना क्लच प्लेट जळते. उतरणाऱ्याला निघायला काहीच जोर लागत नाही, ब्रेक सोडला की गाडी चालू. ज्याला थांबणं स्वस्त पडतं त्यानं थांबायचं. "घाटात मोठ्या वाहनाला प्राधान्य", "आधी आलेल्याला प्राधान्य", "जो हॉर्न वाजवेल त्याला" असे पर्याय समोर आले, तरी तू मनात फक्त विचार, कुणाला पुन्हा निघणं अवघड आहे?

यातली एक गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, ती आबांना मुद्दाम विचार. वाशीची खेप म्हणजे खंडाळ्याचा घाट उतरणं आलंच. द्रुतगती मार्ग व्हायच्या आधी सगळी वाहतूक जुन्या रस्त्यानं, शिंग्रोबाच्या देवळावरून खोपोलीला उतरायची. तिथे गाडी उभी करून नाणं टाकलं नाही असा ट्रकवाला विरळा. आबांना विचार, "खंडाळ्याहून शिंग्रोबापर्यंत कुठल्या गिअरमध्ये उतरायचा?"

जुने ड्रायव्हर म्हणतात, ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. खालच्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडीला अडवून धरतं, त्यामुळे ब्रेकवर सगळा भार येत नाही. वरच्या गिअरमध्ये किंवा न्यूट्रलमध्ये उतरलं की गाडीचं सगळं वजन ब्रेकच्या लायनरवर येतं. वळणामागून वळण ब्रेक दाबत राहिलं की ड्रम तापतात, जळका वास यायला लागतो, आणि मग पाय पूर्ण दाबला तरी गाडी पूर्वीसारखी थांबत नाही. ब्रेक निकामी झाले असं आपण पेपरात वाचतो, त्यातल्या कितीतरी वेळा ते मोडलेले नसतात, तापलेले असतात. जळका वास आला की बाजूला घेऊन गाडी थंड होऊ द्यायची, उतारावर "अजून दोनच वळणं आहेत" म्हणून पुढे जायचं नाही.

काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला न्यूट्रल करायचे, त्याहून वाईट म्हणजे इंजिनच बंद करायचे. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनवर फिरणारा कंप्रेसर भरतो. इंजिन बंद म्हणजे टाकीत आहे तेवढीच हवा, दर वेळी ब्रेक दाबला की त्यातली थोडी कमी होणार. आबांनी हे कधी केलं असेल तर ते लपवणार नाहीत, आणि केलं नसेल तर का केलं नाही ते तास-दीड तास सांगतील. दोन्ही ऐकण्यासारखं आहे. तू मोटारसायकल आणि कारसाठी अर्ज केला असशील, पण उताराचा कायदा तिथेही तोच. पसरणीच्या घाटातून स्कूटर उतरवताना किल्ली बंद करणारी मुलं मी पाहिली आहेत.

घाटातल्या पाट्यांबद्दल फार लिहीत नाही, एवढंच सांगते की आकार आधी वाच, चित्र नंतर. त्रिकोण सावध करतो, गोल हुकूम देतो, चौकोन माहिती देतो. निळ्या गोलात भोंगा म्हणजे हॉर्न वाजवलाच पाहिजे. लाल कड्यात तिरकी रेघ मारलेला भोंगा म्हणजे वाजवायचा नाही. आंधळ्या वळणावर पहिली, रुग्णालयाजवळ दुसरी. घाईत मुलं यात हमखास उलटापालट करतात.

रेल्वेच्या प्रश्नाकडे येऊ. तो तुला जुनाट वाटेल. बिनफाटकाच्या रेल्वे क्रॉसिंगवर काय कराल? उत्तर असं: गाडी थांबवायची, खाली उतरायचं, रुळांपर्यंत चालत जायचं, दोन्ही बाजूंनी गाडी किंवा ट्रॉली येत नाही हे पाहायचं, आणि मगच ओलांडायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 131 मध्ये हे काम चक्क क्लीनरवर सोपवलं आहे. क्लीनर, कंडक्टर किंवा गाडीतला दुसरा कुणी उतरून पुढे जाईल आणि गाडीला वाट दाखवत पार नेईल, आणि असं कुणीच नसेल तर ड्रायव्हरनं स्वतः उतरायचं. आबा सुरुवातीला क्लीनर असतील, बहुतेक सगळेच तसे सुरू करतात. त्यांना विचार, थंडीत पहाटे अंगावर घोंगडी घेऊन रुळांवर जाऊन कधी उभे राहिलात का?

2019 च्या सुरुवातीपर्यंत रेल्वेनं ब्रॉडगेज मार्गांवरची बिनमाणसाची सगळी क्रॉसिंग बंद केली, कुठे फाटकावर माणूस बसवला तर कुठे खाली भुयारी रस्ता काढला. त्यामुळे तुझ्या पिढीला असं क्रॉसिंग पाहायला मिळणं अवघड. पण कायद्यात ते आहे आणि प्रश्नही येतो. तुझी सराव परीक्षेत आणखी एक चूक झाली असेल तर ती बहुधा पाटीची. त्रिकोणात कुंपणासारखं फाटक काढलेलं असतं ते फाटकवाल्या क्रॉसिंगचं. त्रिकोणात इंजिन काढलेलं असतं ते बिनफाटकाचं. मुलं उलट धरतात, त्यांना वाटतं इंजिन म्हणजे रेल्वे स्टेशनजवळचं मोठं, राखलेलं फाटक. तू असं लक्षात ठेव: जिथे फाटक आहे तिथे फाटक दिसेल, जिथे फाटक नाही तिथे थेट इंजिनच समोर येईल.

आता अपघाताचं. हे जरा सावकाश वाच, कारण इथे आबांना मी चूक म्हणणार नाही.

कायद्याचं कलम 134 सांगतं की आपल्या वाहनामुळे कुणी जखमी झालं, तर ड्रायव्हरनं त्याला वैद्यकीय मदत मिळेल असं शक्य ते सगळं करायचं, गरज पडली तर जवळच्या डॉक्टरकडे किंवा रुग्णालयात पोचवायचं. पोलिसांनी माहिती मागितली तर द्यायची, आणि जागेवर पोलीस नसतील तर जवळच्या ठाण्यात लवकरात लवकर, फार तर 24 तासांत जाऊन घटना सांगायची. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं. परीक्षेत ज्या पर्यायात "उपचार" आणि "24 तासांत पोलीस" दोन्ही असतात, तो बरोबर. "थेट पोलीस ठाण्यात जा" या पर्यायात जखमी माणूस रस्त्यावरच राहतो, म्हणून तो चूक.

पण त्याच कलमात एक सूट लिहिलेली आहे. जमावाच्या संतापामुळे किंवा ड्रायव्हरच्या हाताबाहेरच्या कारणामुळे मदत करणं शक्य नसेल, तर ती जबाबदारी तेवढ्यापुरती लागू होत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी आबांचा प्रसंग पाहिलेला होता. मध्यरात्री अनोळखी गावाजवळ ट्रकखाली कुणी आलं, तर चूक कुणाची हे विचारायच्या आधी ड्रायव्हरला मारलेलं आबांच्या पिढीनं डोळ्यांनी पाहिलंय. त्यातून त्यांनी धडा घेतला, न थांबता ठाणं गाठायचं. त्यांची गाडी ठाण्याकडे निघायची, पळून जायची नाही, हे विसरू नकोस. फरक एवढाच की कायद्यात ते अपवाद म्हणून आहे आणि आबा ते नियम म्हणून सांगतात. जमाव नसताना, रस्ता मोकळा असताना, जखमी जिवंत असताना थांबायचं आणि मदत करायची. जखमीला आणलं की कागदपत्रांची वाट न पाहता उपचार सुरू करणं डॉक्टरांवरही याच कलमानं बंधनकारक केलंय, त्यामुळे "दवाखान्यात आधी पोलिसांचा कागद मागतात" या भीतीनं कुणाला रस्त्यावर सोडू नकोस. आणि अपघात दुसऱ्याचा असेल, तू फक्त मदतीला धावला असशील, तर 2019 च्या दुरुस्तीनं आलेलं कलम 134-अ तुला संरक्षण देतं. तुला नाव सांगण्याची सक्तीही करता येत नाही.

आबांना हा अपवाद वाचून दाखव. आपलं म्हणणं कायद्यात लिहिलेलं आहे हे त्यांना कुणी कधी सांगितलं नसेल.

चौकाबद्दल एकच वाक्य बोलते, कारण ट्रकवाल्यांच्या घरात इथेही गुण जातो. सिग्नल नाही, पोलीस नाही, दोन्ही रस्ते सारखेच मोठे, अशा चौकात उजव्या हातानं येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं, मग ती सायकल असली तरी. आबांच्या बोलीत मोठी गाडी आधी जाते, आणि छोटी वाहनं खरंच थांबतात म्हणून ते खरं वाटत राहतं.

आता उरलेल्या दिवसांचं. 60 टक्के उत्तरं बरोबर यावी लागतात, म्हणजे 15 पैकी 9. तू 7 वर आहेस. इंडिकेटर आणि अपघात हे दोन प्रश्न सुधारले की तू 9 वर पोचतोस, पण काठावर जाऊ नकोस. एक वही घे. आबा खेप सांगतील तेव्हा मधे अडवू नकोस, फक्त ठिकाणाचं नाव आणि आबांनी काय केलं ते एका ओळीत लिही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओळीसमोर पुस्तकातला नियम शोधून लिही. जुळलं तर पुढे जा. जुळलं नाही तर रात्री आबांना फक्त एवढंच विचार, "हे सगळ्यांना कळायचं की फक्त ट्रकवाल्यांना?" उत्तर "फक्त ट्रकवाल्यांना" असं आलं, की परीक्षेत पुस्तकाचं उत्तर लिहायचं हे तुझं तुलाच कळेल, आणि आबांनाही त्यात कमीपणा वाटणार नाही. सराव परीक्षा मराठीतूनच दे आणि खऱ्या परीक्षेलाही मराठीच निवड. चुकलेल्या प्रश्नाचा बरोबर पर्याय पाठ करण्याआधी तो प्रसंग आबांच्या वाटेवर कुठे घडला असता ते शोध. उंब्रजला, खंबाटकीत, शिंग्रोबापाशी, कुठे तरी सापडेलच.

आणि आणखी एक काम आजच कर. लर्निंग मिळाल्यावर तुला एकट्याला कार चालवता येणार नाही. पुढे-मागे पांढऱ्यावर लाल "एल" लावायचा आणि शेजारी वैध लायसन्स असलेली व्यक्ती बसलेली हवी. ती व्यक्ती आबाच असणार, असं तू मनात धरलेलं आहेस, खरं ना? मग त्यांच्या पाकिटातलं लायसन्स काढ आणि मुदतीची तारीख बघ. गाडी सोडल्यावर पुष्कळ ड्रायव्हर ते नूतनीकरण करतच नाहीत. मुदत संपून एक वर्षाच्या आत असेल, तर डॉक्टरांच्या दाखल्यासह अर्ज करून काम होतं, आणि 55 च्या पुढच्या माणसाला एका वेळी 5 वर्षांसाठी नूतनीकरण मिळतं. वर्ष उलटून गेलं असेल तर आबांना पुन्हा गाडी चालवून चाचणी द्यावी लागेल. तसं असेल तर त्यांचा अर्ज तू भर, आणि ते चाचणीला जाण्याआधी एक संध्याकाळ त्यांच्या उजव्या इंडिकेटरवर खर्च कर.